नव्व्याण्णव भागिले सत्तर

मला इशिता सावेचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही बरं बोललो तर ते कुणी माझ्या मोठेपणात धरू नये.

मी ऑगस्टीन तुस्कानो. वसईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात चोवीस वर्षं गणित शिकवतो. दर शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर अकरावी-बारावीच्या हौशी मुलांसाठी आमचं गणित मंडळ भरतं. मार्क नाहीत, हजेरी नाही, ज्याला गोडी त्यानं यावं. ते मीच सुरू केलं, आणि त्याचा पहिला पाठ दरवर्षी ठरलेला: दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणजे ते कुठल्याही अपूर्णांकाच्या रूपात लिहिता येत नाही, याची सिद्धता. चोवीस वर्षं मी ती एकाच वहीतून सांगत आलो. वहीचं कव्हर दोनदा बदललं, आतलं अक्षर तेच.

गेल्या वर्षी पहिल्या शनिवारी नऊ मुलं आली आणि दिवाळीपर्यंत चार उरली. मी म्हटलं, हल्लीच्या मुलांना गोडीच नाही. आमच्या उपप्राचार्या ज्युली मॅडमनी हे ऐकून घेतलं, आणि यंदा जूनमध्ये मला बोलावून एक फॉर्म हातात दिला. पाठ निरीक्षणाचा. नवीन शिक्षकाच्या पाठाला जुन्या शिक्षकानं मागच्या बाकावर बसायचं आणि रकाने भरायचे, ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे.

"या वेळी पहिला पाठ इशिता घेईल, सर. तुम्ही निरीक्षण करा. मंडळ तिच्याकडे द्यायचं की तुमच्याकडे ठेवायचं, ते तुमचा फॉर्म बघूनच ठरवू."

"म्हणजे माझं मंडळ कुणाला द्यायचं ते मीच लिहून द्यायचं?"

"तुमच्याइतकं ते कुणाला कळतं?" ज्युली मॅडम म्हणाल्या. त्या गोड बोलल्या की मला धोका कळतो.

माझी नोकरी आणखी चार वर्षं आहे. मंडळ गेलं की माझ्याकडे उरणार फक्त बोर्डाची तयारी: मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि अपेक्षित प्रश्न. शनिवारचे ते दोन तास सोडले तर मी गणिताचा शिक्षक आहे असं मलाही वाटत नाही. म्हणून ते मला सोडायचं नव्हतं. आणि सोडायचंच तर निदान इशिताला नाही.

इशिता माझीच विद्यार्थिनी. वसईजवळच्या होळी गावात तिच्या वडिलांची फुलझाडांची आणि भाजीची वाडी आहे. अकरावीत ती तिसऱ्या बाकावर बसायची. पुढे एम.एस्सी. झाली आणि आता माझ्याच स्टाफरूममध्ये माझ्या समोरच्या टेबलाशी बसते. मुलं मधल्या सुट्टीत तिच्याभोवती उभी असतात. माझ्याकडे येतात ती जर्नलवर सही घ्यायला. माझ्या पोटात दुखायचं आणि ते कशानं दुखतंय हे मला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. फॉर्मवर एक रकाना होता: 'आशयातील त्रुटी'. त्याखाली सहा ओळी मोकळ्या होत्या. सहा पुरतील का, असा मला प्रश्न पडला होता.

पहिला धक्का हा, की मुलं सव्वीस होती. दुसरा, की तिनं फळ्यावर काहीच लिहिलं नाही. प्रत्येकाला झेरॉक्सचा एक कोरा कागद दिला.

"हा मध्यावर दुमडा. अर्धा झाला ना? आता अर्ध्याचा आकार बघा. मोठ्यासारखाच आहे, फक्त लहान. हा कागद तसाच बेतलेला असतो." मग ती फळ्याकडे वळली. "म्हणजे मोठ्याची लांबी भागिले रुंदी, आणि लहानाची लांबी भागिले रुंदी, सारखीच. पण लहानाची लांबी म्हणजे मोठ्याची रुंदी, आणि लहानाची रुंदी म्हणजे मोठ्याची अर्धी लांबी. तिरका गुणाकार करा."

मुलांनी केला. लांबीचा वर्ग बरोबर रुंदीच्या वर्गाची दुप्पट. म्हणजे लांबी भागिले रुंदी हे दोनचं वर्गमूळ.

"मग आता पट्टीनं मोजा आणि मला दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात सांगा."

पट्ट्या निघाल्या. ॲल्रॉय नावाचा उंच मुलगा सगळ्यांच्या आधी ओरडला. "मॅडम, दोनशे सत्त्याण्णव मिलिमीटर बाय दोनशे दहा. तीननं भाग दिला तर नव्व्याण्णव भागिले सत्तर. मिळाला की! अपरिमेय कुठे आहे?"

"तपासून बघ. नव्व्याण्णवचा वर्ग?"

"नऊ हजार आठशे एक."

"सत्तरच्या वर्गाची दुप्पट?"

"चार हजार नऊशे दुणे..." तो थांबला. "नऊ हजार आठशे. शिट्! एकानं हुकलं."

"एकानंच," इशिता म्हणाली. "कदाचित पट्टी जरा चुकली असेल. अजून बारीक मोजलं तर जमेल? की कितीही मोजलं तरी थोडं हुकतच राहील? आज आपल्याला एवढंच ठरवायचंय."

सव्वीस मुलं पुढे सरकून बसली. आणि माझ्या मनात काय आलं असेल? की झेरॉक्सचा कागद माझ्या टेबलावर चोवीस वर्षं पडलेला आहे. त्यावर मी डबा ठेवून जेवलो आहे. मला हे का नाही सुचलं? नाकाला मिरची झोंबावी तसं झालं. मी 'पाठाचा आरंभ' या रकान्यात 'कागदाचा अपव्यय' असं लिहिलं. लिहिलं खरं.

मग ती सिद्धतेकडे आली, आणि मी पेन सरसावून बसलो.

"जे नाही असं दाखवायचंय, ते आहे असं आधी धरून चालू," ती म्हणाली. "प्रामाणिकपणे धरायचं, आणि ते कुठे नेतं ते बघायचं. समजा, दोनचं वर्गमूळ म्हणजे p भागिले q, दोन्ही पूर्ण संख्या. आणि अपूर्णांकाला जेवढा लहान करता येतो तेवढा करून घेतलाय. म्हणजे p आणि q या दोघांना मिळून भागेल असं एकाखेरीज काही उरलेलं नाही. ही अट कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटी लागेल."

तिनं अट फळ्याच्या कोपऱ्यात लिहून भोवती चौकट काढली. मग दोन्ही बाजूंचा वर्ग: p² = 2q².

"उजवीकडे दोननं गुणलंय. म्हणजे p² सम. मग p कसा?"

"सम," पाच-सहा आवाज आले.

"का?"

मी इथे थांबत नसे. मी 'म्हणून p सम' असं लिहून घ्यायला लावत असे. इशिता थांबली. पहिल्या बाकावरची एलिसा हळूच म्हणाली, "कारण विषम असता तर विषम गुणिले विषम विषमच येतं. मग p² विषम आला असता."

"झालं. p सम. तर p ला 2k म्हणा. वर ठेवा: 4k² = 2q². दोननं भागा: q² = 2k². आता q चं काय?"

"तोही सम!" ॲल्रॉय म्हणाला, आणि लगेच त्याची नजर कोपऱ्यातल्या चौकटीकडे गेली. "अरे, पण मग दोघांनाही दोननं भाग जातो. आणि आपण तर..."

"आपण तर म्हटलं होतं की दोघांना भागणारं काही उरलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. वाटेतल्या प्रत्येक पायरीला कारण आहे, मग चूक कुठे?"

"सुरुवातीला धरलं त्यातच," एलिसा म्हणाली. "असा p आणि q नाहीच."

"म्हणजे नव्व्याण्णव-सत्तर गेला, आणि त्याच्यासारखे सगळेच गेले. पट्टी कितीही बारीक घ्या."

वर्गात कुणीतरी शीळ घातली. माझ्या सहा ओळी कोऱ्याच होत्या.

तेवढ्यात ॲल्रॉयनं हात वर केला. "मॅडम, दोनच्या जागी चार टाकला तर? p² = 4q². म्हणजे p² ला चारनं भाग जातो. मग p लाही चारनं. मग q लाही. परत तीच विसंगती. म्हणजे चारचं वर्गमूळपण अपरिमेय! पण ते तर दोन आहे."

मुलं हसली. इशिता हसली नाही. हातातला खडू फिरवत गप्प उभी राहिली.

मला वाटलं, अडकली! देवानं माझं ऐकलं. मी उभा राहिलो. फॉर्ममध्ये लिहून भागलं असतं, पण मला तिला सव्वीस जणांसमोर वाचवायचं होतं. कुणाला वाचवायला मी इतक्या घाईनं कधी धावलो नसेन.

"मॅडम, मी सांगू का?"

"सांगा ना, सर." तिनं खडू माझ्या हातात दिला.

"हे बघा," मी म्हणालो, "चार हा पूर्ण वर्ग आहे. त्याचं वर्गमूळ पूर्ण येतं, म्हणून त्याला ही सिद्धता लावायचीच नसते."

"पण सर, लावली तर कुठली ओळ चुकते?" ॲल्रॉयनं विचारलं.

प्रश्न सरळ होता. मीही सरळ फळ्यावर माझा नियम लिहिला, जो चोवीस वर्षं चौकटीत लिहून देतोय: 'p² ला n ने भाग जात असेल, तर p ला n ने भाग जातो.' खाली n = 4 ठेवला आणि ओळीमागून ओळ लिहीत गेलो. p ला चारनं भाग जातो. p = 4k. 16k² = 4q². q² = 4k². q ला चारनं भाग जातो. हात सवयीनं चालला होता. शेवटी मी 'विसंगती' लिहिलं, 'म्हणून' लिहिलं, आणि पुढे चारचं वर्गमूळ अपरिमेय आहे असं लिहायची पाळी आली.

खडू थांबला.

"सर," एलिसा चाचरत म्हणाली, "तुमचा चौकटीतला नियम... p दोन घेतला तर? दोनचा वर्ग चार. चारला चारनं भाग जातो. पण दोनला चारनं जात नाही."

"सहालापण नाही जात," मागून कुणीतरी म्हणालं. "छत्तीसला जातो."

मी चौकटीकडे बघत राहिलो. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या सुंदर अक्षरात तो नियम सपशेल चुकीचा होता. पुस्तकात तो 'मूळ संख्येसाठी' दिलेला असतो, म्हणजे दोन, तीन, पाच अशांसाठी, ज्यांना एक आणि त्या स्वतः यांच्याखेरीज कुणी भागत नाही. सुरुवातीच्या कुठल्यातरी वर्षी मी टिपण सोपं करायला 'मूळ' हा शब्द गाळला होता. परीक्षेत दोन, तीन, पाच एवढंच विचारतात. मग तो शब्द गाळलेला आहे हे मीच विसरून गेलो.

"अरे वा!" इशिता एकदम मोठ्यानं म्हणाली. "सापडली की नाही? सरांनी मुद्दाम चुकीचा नियम लिहिला होता, तुम्ही पकडता का बघायला. म्हणून तर मी गप्प उभी होते."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला! मी तिच्याकडे पाहिलं. ती अडकली नव्हती, मुलांना विचार करायला वेळ देत होती. आणि आता ती मला वाट करून देत होती. नुसतं हसून मान डोलावली असती तरी माझी अब्रू शाबूत राहिली असती, वर कौतुक झालं असतं. फॉर्मही माझ्याच हातात होता. पण तिनं केलेली मेहेरबानी मला तिच्या हुशारीपेक्षा जास्त झोंबली. तिच्याकडून हेही घ्यायचं?

"मुद्दाम नाही," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच चढला. "मुद्दाम नाही लिहिला. चोवीस वर्षं मी हा चुकीचाच लिहून देतोय. आज कळलं."

टाळ्या थांबल्या. ॲल्रॉय खाली बघायला लागला. मी चौकटीत 'मूळ संख्या' हे दोन शब्द घुसवले, खडू ठेवला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुढची वीस मिनिटं इशितानं तीच ओळ धरून पाठ नेला. चारच्या वेळी नेमकी तीच पायरी का मोडते, हे मुलांनी आपलं आपण शोधलं. मी नुसता बसून होतो.

मुलं गेल्यावर ती फळा पुसायला लागली. माझा नियम तिनं शेवटी ठेवला.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हो, सर."

"कधीपासून?"

"अकरावीपासून. मी तुम्हाला विचारलं होतं, सर, कुठल्याही n ला? तुम्ही म्हणालात, हो, कुठल्याही, लिहून घे. मी घरी जाऊन चार घालून पाहिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. तुम्ही पेपर तपासत होता. म्हणालात, सुट्टीनंतर ये." ती हसली. "मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत मी शोधत बसले की कुठल्या n ला चालतो आणि कुठल्या नाही. वाडीत मोगरा तोडता तोडता तेच डोक्यात. तेव्हाच ठरवलं, गणितच करायचं."

घ्या! म्हणजे माझी चूकसुद्धा तिच्याच कामी आली. मी बरोबर शिकवलं असतं तर कदाचित ती आज एखाद्या बँकेत असती आणि माझं मंडळ माझ्याकडे असतं. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या दुपटीनं जळफळाट झाला.

मी फॉर्म पुढे ओढला. 'कागदाचा अपव्यय' खोडलं. 'आशयातील त्रुटी' खाली लिहिलं: 'निरीक्षकाच्या चौकटीतील नियम चुकीचा होता. पाठात त्रुटी नाही.' शेवटच्या रकान्यात, शिफारस: 'मंडळ इशिता सावे यांच्याकडे द्यावे.' तिचं नाव लिहिताना माझं अक्षर बिघडलं. मी तसंच राहू दिलं आणि फॉर्म ज्युली मॅडमच्या टेबलावर ठेवायला निघालो.

जाता जाता मात्र गप्प बसवेना. दारातून मागे वळून म्हणालो, "तुझं सम-विषम दोनलाच चालतं. तीनच्या वर्गमुळाला कुणी विचारलं तर एलिसा काय सांगेल? विषम गुणिले विषम?"

"ते पुढच्या शनिवारी, सर," ती म्हणाली. "तुम्ही याल?"

"बघू," मी म्हणालो. न जाण्याचा बेत तिथल्या तिथे पक्का केला होता.

रविवारी चर्चमध्ये जाऊन मिसा करून घरी आलो. मेरी, माझी बायको, स्वयंपाकघरात होती. मी जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि मला जाणवलं की तीनचं कारण मलाही सांगता येत नाही. 'तीन मूळ संख्या आहे म्हणून' असं मी म्हणू शकत होतो. पण एलिसानं 'का?' विचारलं तर? माझ्याकडे चौकट होती. कारण नव्हतं.

मी कागद घेतला. नेमका झेरॉक्सचाच मिळाला. सम-विषम म्हणजे तरी काय, दोननं भागल्यावर बाकी शून्य उरते की एक. मग तीननं भागून बाकी बघावी. तीननं भाग जात नसेल तर बाकी एक उरेल किंवा दोन. बाकी एक असेल तर वर्गाची बाकी एक. दोन असेल तर दोन गुणिले दोन, चार, तीननं भागून पुन्हा बाकी एक. शून्य कधीच नाही! म्हणजे p ला तीननं भाग जात नसेल तर p² लाही जात नाही. झालं. एवढंच होतं.

आणि चारला? p ची बाकी दोन असेल तर वर्गाची बाकी चार, म्हणजे शून्य. तिथेच फुटतं!

मी उठून उभा राहिलो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी कुणी न सांगता काढलं होतं. "मेरी," मी हाक मारली, "वर्गाची बाकी कधी शून्य येतच नाही बघ!"

"नाही ना येत? मग बसा आणि भेंडी चिरून द्या," ती म्हणाली.

भेंडी चिरता चिरता मी माणसं आठवत गेलो. ज्युली मॅडम इतिहासाच्या. स्टाफरूममधले बाकीचे विचारतील, किती मार्काला आहे? माझा भाऊ आल्बर्ट ऐकून घेईल आणि डॉक्टरला दाखव म्हणेल. हे ऐकून जिचा चेहरा उजळेल अशी अख्ख्या वसईत मला एकच व्यक्ती आठवली. दुसरी कुणी आठवावी म्हणून मी उरलेली सगळी भेंडी चिरली. नाही आठवली.

मी हात पुसले आणि इशिताला फोन लावला. एका दमात बाकी एक, बाकी दोन, वर्गाची बाकी एक, सगळं सांगून टाकलं. पलीकडे ती 'हं, हं' करत होती.

"सर, मस्त!" ती म्हणाली. "शनिवारी हे तुम्हीच सांगा. फळा तुमचा." मग म्हणाली, "पण सर, सहाचं काय? सहा मूळ संख्या नाही. म्हणजे तुमचा नवीन नियम त्याला लागू नाही. पण जुना, चुकीचा, तो सहाला चालतो की नाही?"

मी मनात छत्तीस घेतला, एकशे चव्वेचाळीस घेतला. चालत होता. चारला मोडतो आणि सहाला चालतो. का?

तिला उत्तर ठाऊक होतं. कित्येक वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीत, मोगरा तोडताना तिला ते मिळालं होतं, आणि मी तेव्हा पेपर तपासत होतो.

"सर, सांगू?"

"खबरदार," मी म्हणालो. "ठेव फोन. मला करू दे."